उजनीच्या परिसरातील पिके आणि पाणी उपग्रह प्रतिमेत स्पष्ट दिसावे यासाठी बँड आणि स्ट्रेच कसे निवडावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नोत्तरांसाठी भीमा नदीवरील उजनी जलाशय आणि त्याच्या दोन्ही काठांवरची शेती हा एकच भाग घेतला आहे. इंदापूर, करमाळा, माढा आणि दौंड या तालुक्यांतील ऊस, काळी जमीन, मुरमाड माळरान, शेततळी आणि बहुतेक वेळा हिरवट असणारे पाणी एकाच प्रतिमेत येत असल्याने हा भाग परीक्षा पाहणारा आहे. प्रतिमा सेंटिनेल-२ उपग्रहाची, वातावरणीय दुरुस्ती झालेली म्हणजे एल-२-ए प्रकारची, आणि सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, असे गृहीत धरले आहे. दोन्ही विनामूल्य मिळतात.

साध्या रंगांतील प्रतिमेत शेती आणि पाणी नीट का ओळखता येत नाही?

कारण त्या प्रतिमेत लाल, हिरवा आणि निळा हे डोळ्यांना दिसणारेच तीन पट्टे असतात, आणि नेमक्या या पट्ट्यांत उभे पीक व शेवाळयुक्त पाणी यांच्यात फारसा फरक नसतो. दोन्हींतील हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते व थोडा हिरवा परत पाठवते. त्यामुळे भिगवणजवळचा उथळ फुगवटा आणि काठावरचा ऊस हे दोन्ही गडद हिरवे दिसतात आणि काठाची रेषा कोठे आहे हे ठरवणे अवघड होते. शिवाय निळ्या पट्ट्यात हवेतील धूसरपणा सर्वांत अधिक उतरतो, म्हणून अशी प्रतिमा हिवाळ्यातील कोरड्या दिवशीही किंचित धुरकट वाटते.

फरक दिसतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन पट्ट्यांत. निकट अवरक्त पट्ट्यात, म्हणजे सेंटिनेलच्या B08 मध्ये, निरोगी पान पडलेल्या प्रकाशाचा मोठा हिस्सा परत पाठवते, तर स्वच्छ पाणी जवळजवळ सगळा शोषून घेते. लघुतरंग अवरक्त पट्ट्यात, म्हणजे B11 मध्ये, पाण्याचे शोषण याहूनही तीव्र असते. त्यामुळे पाणी गढूळ असो वा हिरवे, B11 मध्ये ते काळेच राहते. पानातही पाणी असल्याने भरगच्च पीक B11 मध्ये मध्यम दिसते आणि कोरडी जमीन उजळ दिसते.

मग कोणती बँड-जोडणी घ्यावी?

या कामासाठी लाल रंगाच्या जागी B11, हिरव्याच्या जागी B08 आणि निळ्याच्या जागी B04 ही जोडणी घ्यावी. तिच्यात पीक हिरवे, उघडी जमीन गुलाबी ते जांभळट आणि पाणी गडद निळे किंवा काळे दिसते. प्रतिमा ज्यांना दाखवायची आहे त्या शेतकऱ्यांना किंवा कार्यालयातील मंडळींना रंगांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही, हा व्यवहारातला मोठा फायदा आहे.

पुस्तकांतून सर्वाधिक आढळणारी जोडणी वेगळी आहे. B08, B04, B03 अशा क्रमाची ती ‘फॉल्स कलर’ प्रतिमा पीक लाल दाखवते. ती वाईट नाही आणि तिचे तीनही बँड १० मीटरचे असल्याने ती अधिक रेखीवही असते. परंतु भीमेच्या खोऱ्यात तिची एक अडचण ठळकपणे जाणवते. इथली भारी काळी जमीन नांगरल्यानंतर, विशेषतः पाणी दिल्यानंतर, लाल, हिरव्या आणि निकट अवरक्त या तीनही पट्ट्यांत गडद असते. तोडणीनंतर पाचट जाळलेले उसाचे रान तर त्याहून काळे दिसते. परिणामी नांगरट, जळालेले रान आणि शेततळे या तिन्ही गोष्टी काळे ठिपके म्हणून एकसारख्या समोर येतात. B11 आणताच ही गफलत बहुतांशी सुटते, कारण त्या पट्ट्यात कोरडी काळी जमीन बऱ्यापैकी उजळ असते, जळालेले रान मध्यम असते आणि पाणी मात्र तळालाच राहते.

B08, B11, B04 असाही क्रम वापरला जातो. त्यात माहिती तीच असते, फक्त पीक नारिंगी आणि कोरडी जमीन हिरवट दिसते. ज्याला सवय आहे त्याने तो खुशाल वापरावा.

हे बँड एकत्र कसे करावेत?

उतरवून घेतलेल्या फोल्डरमध्ये `R10m` आणि `R20m` असे उपफोल्डर असतात. B08 आणि B04 पहिल्यातून, तर B11 दुसऱ्यातून घ्यावा. क्यूजीआयएसमध्ये `Build Virtual Raster` हे साधन उघडून `Place each input file into a separate band` यावर खूण करावी आणि `Resolution` हा पर्याय `Highest` ठेवावा. तो `Average` वर राहिला, तर १० मीटरचे दोन आणि २० मीटरचा एक बँड मिळून सुमारे १३.३ मीटरची विचित्र प्रतिमा तयार होते आणि शेताच्या कडा करवतीसारख्या दिसू लागतात. आज्ञावलीतून हेच काम असे होते:

```
gdalbuildvrt -separate -resolution highest ujani.vrt B11_20m.jp2 B08_10m.jp2 B04_10m.jp2
```

येथे फायलींची नावे सोयीसाठी आखूड केली आहेत. फायली ज्या क्रमाने दिल्या त्या क्रमाने बँड १, २ आणि ३ तयार होतात. साधनाच्या खिडकीतून निवड केल्यास हा क्रम बदललेला असू शकतो, आणि तयार झालेल्या थरात बँडची मूळ नावे दिसतीलच असे नाही. म्हणून प्रथम जलाशयाच्या मध्यभागी `Identify Features` ने टिचकी मारून पाहावी. पाण्यावर सर्वांत लहान आकडा B11 चा, त्याहून थोडा मोठा B08 चा आणि सर्वांत मोठा B04 चा असेल, तर क्रम बरोबर आहे.

योग्य बँड निवडूनही प्रतिमा फिकट, धुरकट किंवा अतिगडद का दिसते?

पडद्यावर प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात, आणि बँडमधील आकडे मात्र हजारोंमध्ये असतात. कोणत्या आकड्याला ० मानायचे आणि कोणत्याला २५५, हे ठरवणे म्हणजेच कॉन्ट्रास्ट स्ट्रेच. खालच्या मर्यादेच्या आतले सगळे काळे होते, वरच्या मर्यादेच्या पलीकडचे सगळे पूर्ण उजळ होते, आणि मधल्या आकड्यांना पायऱ्या वाटून दिल्या जातात. मर्यादा फार दूर असतील, तर शेत आणि माळ यांच्यातील फरकाला मोजक्याच पायऱ्या मिळतात आणि प्रतिमा मळकट दिसते. मर्यादा फार जवळ असतील, तर टोकांकडचा तपशील नाहीसा होतो.

धुरकटपणाचे एक नेहमीचे कारण मात्र निराळेच असते. उपग्रहाने एका फेरीत टिपलेल्या भूभागाची कड प्रतिमेच्या चौकटीच्या मधून जात असेल, तर चौकटीच्या रिकाम्या भागात ० हा आकडा भरलेला असतो. हे शून्य ‘माहिती नाही’ म्हणून वगळले गेले नाही, तर ते खालच्या मर्यादेच्या हिशेबात येते. थराच्या `Symbology` मध्ये `Min` च्या चौकटीत ० दिसत असेल, तर हेच घडले आहे असे समजावे. `Transparency` या विभागात `Additional no data value` समोर 0 लिहून मर्यादा पुन्हा काढाव्यात.

क्यूजीआयएस स्वतःहून लावते तो २ ते ९८ टक्क्यांचा स्ट्रेच पुरेसा नाही का?

पहिल्या नजरेसाठी पुरेसा असतो. `Cumulative count cut` या नावाचा हा स्ट्रेच सर्वांत गडद २ टक्के पिक्सेल काळे करतो, सर्वांत उजळ २ टक्के पूर्ण उजळ करतो आणि उरलेल्यांत पायऱ्या वाटतो. ढग किंवा पत्र्याची छपरे यांच्यासारख्या टोकाच्या आकड्यांपासून तो प्रतिमेला वाचवतो.

पाणी पाहायचे असेल, तर मात्र हाच स्ट्रेच आड येतो. सेंटिनेलची एक चौकट १०९.८ किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद, म्हणजे सुमारे १२,०५६ चौरस किलोमीटरची असते. तिचे २ टक्के म्हणजे सुमारे २४१ चौरस किलोमीटर. B11 मध्ये सर्वांत गडद वस्तू पाणी हीच असल्याने काळे केले जाणारे हे २ टक्के बहुतांशी पाण्याचेच निघतात. मोठा जलाशय नसलेल्या चौकटीत सर्व पाझर तलाव, नदीचे डोह आणि शेततळी मिळूनही हा आकडा गाठणे कठीण असते. अशा वेळी खालची मर्यादा पाण्याच्या आकड्यांच्याही वर सरकते, पाण्यासोबत ओली गाळाची जमीनही काळी होते आणि काठ आहे त्यापेक्षा बाहेर दिसतो. उजनीसारखा जलाशय चौकटीत असेल, तर मर्यादा पाण्याच्या आकड्यांमध्येच कोठेतरी पडते, आणि ती नेमकी कोठे पडेल हे त्या दिवशी जलाशय किती भरलेला आहे यावर अवलंबून राहते. म्हणजे ऑक्टोबरची आणि मे महिन्याची प्रतिमा एकाच पद्धतीने रंगवूनही दोन वेगवेगळ्या कसोट्यांवर रंगवलेल्या असतात.

दुसरी गोष्ट `Statistics extent` ची. तेथे `Updated canvas` निवडलेले असेल, तर नकाशा जरा सरकवला तरी मर्यादा नव्याने काढल्या जातात. जलाशयावर आलो की पाणी उजळ होते आणि माळावर गेलो की पीक गडद होते. एखाद्या जागी तपशील शोधताना हे उपयोगी पडते, परंतु तुलना करायची असेल किंवा छापील नकाशा करायचा असेल, तर ते बंद ठेवावे.

हाताने मर्यादा ठरवायच्या झाल्यास कोणते आकडे द्यावेत?

तीन जागी टिचकी मारून आकडे वाचावेत: जलाशयाच्या मध्यभागी, दाट उसात, आणि कोरड्या मुरमाड माळावर. खालची मर्यादा पाण्याच्या आकड्याच्या थोडी खाली ठेवावी. वरची मर्यादा त्या बँडमध्ये जमिनीचा जो प्रकार सर्वांत उजळ असेल त्याच्या आसपास ठेवावी, म्हणजे B11 आणि B04 साठी माळ, B08 साठी ऊस. छपरे आणि ढग हिशेबात घेऊ नयेत; ते पांढरे फटक दिसले तरी आपले काही बिघडत नाही.

फेब्रुवारी महिन्यातील प्रतिमेसाठी हा हिशेब करून पाहू. पुढील तक्त्यातील आकडे अशा भागात साधारण जे आढळतात त्यांवरून उदाहरणादाखल घेतले आहेत.

| जागा | B11 | B08 | B04 |
|---|---|---|---|
| खोल पाणी | ११०० | १२५० | १४०० |
| उभा दाट ऊस | ३००० | ५००० | १४०० |
| नांगरलेली कोरडी काळी जमीन | ३८०० | २८०० | २२०० |
| मुरमाड माळ, वाळलेले गवत | ५००० | ३७०० | २८०० |

यावरून B11 साठी १००० ते ५०००, B08 साठी १००० ते ५५०० आणि B04 साठी १००० ते ३००० अशा मर्यादा सुचतात. `Min` आणि `Max` च्या चौकटींत हे आकडे लिहिले की क्यूजीआयएस पर्याय आपोआप `User defined` करते. `Contrast enhancement` मध्ये `Stretch to MinMax` असावे.

आता पडद्यावर काय दिसेल ते पाहावे. पाण्याला लाल ६, हिरवा १४ आणि निळा ५१ मिळतो, म्हणजे काळपट निळा रंग. उसाला सुमारे १२८, २२७ आणि ५१ मिळतात, म्हणजे पोपटी हिरवा. काळ्या जमिनीचे १७९, १०२ आणि १५३ होतात, म्हणजे जांभळट गुलाबी. माळाचे २५५, १५३ आणि २३० होतात, म्हणजे फिकट गुलाबी. उसाचा आणि पाण्याचा B04 अगदी सारखा आहे, हे तक्त्यात मुद्दाम पाहावे. केवळ लाल पट्ट्यावर भिस्त ठेवली असती, तर हे दोन्ही वेगळे झालेच नसते. असे असूनही B04 ला तिसऱ्या जागी ठेवण्याचे कारण आहे. तो उघड्या जमिनीला गुलाबी छटा देतो आणि पुराच्या पाण्यातील गाळ ठळक निळा दाखवतो.

B04 ची वरची मर्यादा इतर दोन बँडांपेक्षा बरीच कमी आहे, हे काहींना खटकते. तिन्ही बँडांना एकच मर्यादा देणे दिसायला न्याय्य वाटते; पण तसे केल्यास निळा रंग जवळजवळ वापरलाच जात नाही आणि सगळी उघडी जमीन तपकिरी होऊन बसते.

हेच आकडे जुन्या प्रतिमेला लावल्यावर सगळे काळवंडते. असे का?

सेंटिनेल-२ च्या आकड्यांत परावर्तन १०,००० ने गुणून साठवलेले असते. २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेची नवी आवृत्ती लागू झाली आणि त्यानंतर प्रत्येक आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले. त्यामुळे नव्या प्रतिमेत पाण्याचा B11 ११०० असेल, तर जुन्या पद्धतीच्या प्रतिमेत तो १०० असतो. खालची मर्यादा १००० ठेवली की सगळे पाणी आणि त्यासोबत बराच काठ काळा होतो.

केवळ तारखेवरून निर्णय घेऊ नये, कारण जुन्या तारखांच्या अनेक प्रतिमा पुढे नव्या आवृत्तीत पुन्हा तयार केल्या गेल्या आहेत. मूळ फोल्डरच्या नावात `N0214` किंवा `N0500` असा तुकडा असतो, तो पाहावा. `N0400` किंवा त्याहून मोठा आकडा असेल, तर १००० मिळवलेले आहेत. लहान असेल, तर नाहीत. जुन्या पद्धतीच्या प्रतिमेसाठी वर दिलेल्या प्रत्येक मर्यादेतून १००० वजा करावेत, म्हणजे त्या ० ते ४०००, ० ते ४५०० आणि ० ते २००० होतील. गूगल अर्थ इंजिनवर `COPERNICUS/S2_SR_HARMONIZED` हा संग्रह वापरला, तर हा फरक आधीच काढून टाकलेला असतो, म्हणून तेथेही शून्यापासून सुरू होणाऱ्या मर्यादाच द्याव्यात.

हिरवे पाणी आणि जलपर्णी या जोडणीत कशी दिसतात?

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पाण्यात मिसळलेले किंवा पृष्ठभागावर पातळ थराने पसरलेले शेवाळ B08 चा आकडा वाढवते, पण B11 पाण्याच्या पातळीवरच राहतो. समजा, आकडे B11 मध्ये १२००, B08 मध्ये २५०० आणि B04 मध्ये १५०० असे आहेत, तर पडद्यावर १३, ८५ आणि ६४ येतात. हा गडद, निळसर हिरवा रंग आहे आणि उसाच्या पोपटी रंगाशी त्याची गल्लत होत नाही. B11 ला लाल रंगाची जागा देण्याचे सर्वांत मोठे फळ इथे मिळते.

जलपर्णीचे तसे नाही. ती पाण्यावर तरंगत असली, तरी तिची पाने पाण्याबाहेर असतात आणि दाट वाढ झाल्यावर खालचे पाणी उपग्रहाला दिसतच नाही. तिचा B08 उसाइतका चढतो आणि B11 उसापेक्षा थोडाच कमी राहतो. टिचकी मारून आकडे वाचले तर फरक सापडतो, पण नुसत्या डोळ्यांना तो जाणवेल याची खात्री देता येत नाही. स्ट्रेच कितीही बदलला तरी हे कोडे रंगांतून सुटत नाही. ते दोन तारखांतून सुटते. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून साधारण ५ दिवसांनी त्याच जागेवरून जातात. पाच किंवा दहा दिवसांच्या अंतराने हिरवा पट्टा वाऱ्यासरशी दुसऱ्या काठाला गेलेला दिसला, तर ती जलपर्णी समजावी. शेत जागचे हलत नाही.

फुगवट्यातील गाळपेर आणि पाण्याची खरी कड कशी ओळखावी?

उजनीचे पाणी उन्हाळ्यात ओसरू लागले की उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीत पिके घेतली जातात, त्यामुळे कड दर काही दिवसांनी सरकते आणि तिच्या मागोमाग ओला गाळ, सुकलेला गाळ आणि कोवळे पीक असे पट्टे दिसतात. ओल्या गाळाचे आकडे पाण्याच्या वर, पण फार वर नसतात. B11 मध्ये १८००, B08 मध्ये २००० आणि B04 मध्ये १८०० धरले, तर पडद्यावर ५१, ५७ आणि १०२ येतात, म्हणजे पाटीसारखा निळसर करडा रंग. पाण्याच्या ६, १४ आणि ५१ पासून तो वेगळा आहे, परंतु छापील कागदावर किंवा कमी उजेडाच्या पडद्यावर हा फरक सहज हरवतो.

यासाठी त्याच थराची दुसरी प्रत करावी (`Duplicate Layer`) आणि तिला केवळ गडद भागासाठीचा स्ट्रेच द्यावा: B11 साठी १००० ते २५००, B08 साठी १००० ते ३००० आणि B04 साठी १००० ते २२००. या प्रतीत शेती आणि माळ उजळून निरुपयोगी होतात, पण पाणी, गाळ आणि उथळ गढूळ भाग एकमेकांपासून सुटे होतात. एकाच स्ट्रेचमध्ये शेती आणि पाण्याचा सगळा तपशील बसवण्याचा अट्टहास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन प्रती ठेवल्या आणि आळीपाळीने पाहिल्या, तर दोन्ही कामे नीट होतात.

मे महिन्याच्या प्रतिमेत पाण्यावर उजळ पट्टे दिसतात. बँडमध्ये दोष आहे का?

बहुधा नाही. मे महिन्यात सूर्य आपल्या अक्षांशावर बराच उंच असतो आणि लाटांवरून परावर्तित झालेले ऊन थेट उपग्रहाकडे जाऊ शकते. सेंटिनेलचा कॅमेरा १२ संवेदक-पट्ट्यांचा बनलेला असून ते किंचित वेगवेगळ्या कोनांतून पाहतात, म्हणून ही चकाकी समांतर पट्ट्यांच्या रूपात उमटते. ओळखण्याची खूण अशी की चकाकी तीनही बँडांत सारख्या प्रमाणात वाढते आणि पट्ट्यांच्या कडा सरळ असतात. शेवाळ असेल तर B11 वाढत नाही. अशी प्रतिमा स्ट्रेचने दुरुस्त करत बसण्यापेक्षा दुसऱ्या तारखेची घेणे बरे.

शेते आणि पाणी सर्वांत स्पष्ट कोणत्या महिन्यात दिसतात?

ऊस आणि इतर बागायत पाहायची असेल, तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च. तोवर माळावरचे गवत वाळलेले असते, रब्बी ज्वारी काढणीला आलेली किंवा निघालेली असते, आणि हिरवे राहते ते पाणी दिलेलेच रान. ऊसतोडही सुरू असल्याने उभा ऊस, तोडलेले रान आणि नवा खोडवा यांच्या चौकटी एकमेकांना लागून दिसतात आणि शेतांच्या कडा आपोआप रेखीव होतात. ऑक्टोबरमध्ये जलाशय भरलेला दिसतो खरा, पण बांध, ओढे आणि माळ सगळेच हिरवे असल्याने पीक वेगळे काढता येत नाही. तेव्हा दोष स्ट्रेचला देऊ नये.

शेततळे दिसेल का?

सेंटिनेलचा १० मीटरचा एक पिक्सेल १०० चौरस मीटरचा असतो, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एका एकरात असे ४० पिक्सेल येतात. B11 मात्र २० मीटरचा असल्याने त्याचा एक पिक्सेल सुमारे चार गुंठ्यांचा होतो. ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद शेततळे B08 मध्ये नऊ पिक्सेलांचे, तर B11 मध्ये जेमतेम दोन-सव्वादोन पिक्सेलांचे भरते, आणि त्यांतही बांधाची माती मिसळते. म्हणून B11-B08-B04 मध्ये लहान शेततळे निळे न दिसता मळकट जांभळे दिसू शकते. अशा वेळी केवळ B08 करड्या रंगात उघडून काळे ठिपके शोधावेत आणि मग त्यातले जळालेले रान व नांगरट वेगळी काढण्यासाठी पुन्हा B11 कडे वळावे. B08 मध्ये काळा आणि B11 मध्ये भोवतालच्या मानाने निदान गडद असलेला ठिपका पाण्याचा असण्याची शक्यता अधिक.

दोन तारखांच्या प्रतिमांची तुलना करताना काय पाळावे?

दोन्ही थरांना तेच आकडे द्यावेत. एका थरावर `Copy Style` आणि दुसऱ्यावर `Paste Style` केले की मर्यादाही सोबत जातात. टक्केवारीचा स्ट्रेच ठेवून तुलना केली, तर एका प्रतिमेतील ढगांमुळे दुसऱ्या प्रतिमेतील पीक जोमदार वाटू शकते. एकसारखे आकडे देऊनही खोल पाणी आणि मोठी छपरे यांचे रंग दोन्हीकडे जुळत नसतील, तर फरक हवेतील धूसरपणाचा आहे असे समजून पिकाविषयी निष्कर्ष काढण्याचे थांबावे.

स्ट्रेच बदलल्याने मूळ आकडे बदलतात का? या प्रतिमेवरून पाण्याचे क्षेत्र मोजता येईल का?

थराचा स्ट्रेच केवळ पडद्यावरच्या रंगांपुरता असतो, मूळ आकडे तसेच राहतात. मात्र `Save As` करताना `Rendered image` निवडले, तर रंगवलेली प्रत तयार होते आणि तिच्यातून मूळ आकडे परत मिळत नाहीत. पुढे मोजणी करायची असेल, तर `Raw data` निवडावे.

क्षेत्र रंगावरून मोजू नये, कारण कड कोठे दिसते ते आपण दिलेल्या मर्यादांवर ठरते. त्यासाठी B03 आणि B11 यांचे गुणोत्तर वापरणारा निर्देशांक काढावा:

```
(B03 - B11) / (B03 + B11)
```

नव्या आवृत्तीच्या प्रतिमेत दोन्ही बँडांतून आधी १००० वजा करणे येथे आवश्यक आहे. स्ट्रेचमध्ये हे राहून गेले तर प्रतिमा नुसती वाईट दिसते. निर्देशांकात राहून गेले तर उत्तर चुकते, आणि ते चुकले आहे हे पाहून कळतही नाही.

लँडसॅट किंवा लिस-३ च्या प्रतिमेसाठी हेच कसे करावे?

तत्त्व तेच, बँडांचे क्रमांक वेगळे. लँडसॅट ८ आणि ९ साठी ६, ५, ४ हा क्रम घ्यावा. त्यांच्या लेव्हल-२ उत्पादनात आकडा ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा केल्यावर परावर्तन मिळते. त्यामुळे वर सुचवलेल्या मर्यादा तेथे बँड ६ साठी ७२७३ ते २१८१८, बँड ५ साठी ७२७३ ते २३६३६ आणि बँड ४ साठी ७२७३ ते १४५४५ अशा होतात. पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा असल्याने अर्ध्या एकराचे तुकडे त्यात नीट सुटत नाहीत. भारतीय रिसोर्ससॅट उपग्रहांवरील लिस-३ साठी ५, ४, ३ हा क्रम घ्यावा. त्याचा पिक्सेल २३.५ मीटरचा असतो. लिस-३ चे आकडे कोणत्या स्वरूपात मिळाले आहेत ते प्रत्येक उत्पादनागणिक पाहावे लागते, म्हणून तेथे तयार मर्यादा न वापरता पाणी, ऊस आणि माळ या तीन जागी टिचकी मारून त्या नव्याने काढाव्यात.